एलआरवर ६४, उतरले ६१: ट्रान्सपोर्टरकडच्या एका क्लेमची हकीकत

माल होता प्रेशर गेजचा. एका कार्टनमध्ये २४ गेज, एलआरवर, म्हणजे ट्रान्सपोर्टरच्या माल बुक केल्याच्या पावतीवर, ६४ नग, भाडं ९,६०० रुपये टू-पे, म्हणजे माल पोचल्यावर आम्ही द्यायचं. गाडी ठरवलेली आमची, म्हणजे पुरवठादाराच्या दारातून माल निघाला की पुढची जोखीम आमच्या गळ्यात. पार्ट लोडचा माल असल्यामुळे वाटेत तो ट्रान्सपोर्टरच्या गोडाऊनला उतरून दुसऱ्या गाडीत चढला होता. स्टोअर्सचं काम करणाऱ्याला एवढं कळलं की तो मोजणी जरा सावकाशच करतो, कारण माल जितक्या वेळा हात बदलतो तितक्या वेळा तो कमी होण्याची, आपटण्याची सोय होते.

गाडीचा मागचा फाळका उघडल्यावर एकाही नगाला हात लावू न देता आधी फोटो काढायचे, हा आमच्याकडचा नियम आहे. हमाल वैतागतात. पण या खेपेला त्या पहिल्या फोटोनंच पुढे सगळा वाद मिटवला. आमच्या कार्टनच्या थप्पीवर दुसऱ्याच कुणाच्या मालाचे दोन ड्रम आडवे टाकलेले होते आणि खालची खोकी पोटात गेलेली दिसत होती. माल उतरवून झाल्यावर हे दृश्य उरत नाही. उरतं ते फक्त दबलेलं खोकं, आणि ते कुठे दबलं हे कुणी सांगू शकत नाही.

मोजले तर ६१. पुन्हा मोजले, तरी ६१. त्यातले पाच दबलेले, पैकी दोन खालून ओले. ड्रायव्हर घाईत होता. "मॅडम, सही करा ना, पुढे अजून दोन ठिकाणी माल टाकायचाय. कमी असेल तर ऑफिसवाले बघून घेतील."

"दादा, सही करतेच आहे. शेरा लिहून करते."

हा शेरा म्हणजेच निम्मा क्लेम. पत्र नंतर कितीही चांगलं लिहा, पीओडीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टरकडे परत जाणाऱ्या पोच प्रतीवर, 'माल मिळाला' एवढंच लिहून शिक्का मारला असेल तर त्या पत्राला फारसा अर्थ राहत नाही. बऱ्याच ठिकाणी 'तपासणीच्या अधीन राहून माल स्वीकारला' असा रबरी शिक्का असतो आणि लोक तेवढ्यावर निर्धास्त होतात. त्या शिक्क्यातून किती नग कमी आले, कुठले फुटले, काहीच कळत नाही. तो प्रत्येक पावतीवर उठतो, म्हणून कुठल्याच पावतीवर त्याला वजन राहत नाही. मी हातानं लिहिलं: 'एलआरप्रमाणे ६४ नग. प्रत्यक्ष मिळाले ६१ (एकसष्ट). ३ नग कमी. मिळालेल्यांपैकी ५ नग दबलेले, त्यातील २ ओले, क्र. १७, १८, २२, ४०, ४१. आतील माल तपासणे बाकी.' खाली तारीख, वेळ, गाडीचा नंबर, माझी सही आणि ड्रायव्हरची सही. ड्रायव्हरनं सही नाकारली तर तसं लिहून सिक्युरिटीवाल्याची सही साक्षीदार म्हणून घ्यायची. या ड्रायव्हरनं केली. त्याची प्रत त्याच्याकडे, आमची आमच्याकडे, आणि दोन्ही प्रतींचा एकत्र एक फोटो.

कार्टनवर पुरवठादारानं ६४ पैकी कितवं हे छापलेलं होतं, त्यामुळे न आलेले कोणते तेही सांगता आलं: ३३, ३४ आणि ५२. असे नंबर नसतील तर 'तीन कमी' एवढंच म्हणता येतं आणि शोध घेणाऱ्यालाही काही धागा सापडत नाही.

जीआरएन, म्हणजे स्टोअर्समधली आवकेची नोंद, ६१ नगांचाच केला. हे सांगण्यासारखं वाटणार नाही, पण कधीकधी 'उरलेले येतीलच' म्हणून इनवॉइसप्रमाणे पूर्ण संख्येची आवक चढवतात, आणि मग आपलंच रेकॉर्ड आपल्याच क्लेमविरुद्ध बोलतं. चांगल्या ५६ कार्टनचं वजनही करून घेतलं. प्रत्येक साधारण साडेनऊ किलो भरलं, कुठे तफावत नाही, टेपही मूळचीच. म्हणजे खोक्यातून हात घालून कुणी काही काढलेलं नव्हतं. पाच दबलेले नग न उघडता वेगळ्या पॅलेटवर ठेवले आणि त्यावर 'होल्ड'चा लाल टॅग लावला.

त्याच दिवशी ट्रान्सपोर्टरच्या डिलिव्हरी शाखेला मेल गेला आणि त्याची प्रत बुकिंग शाखेला. हे क्लेमचं पत्र नव्हतं, फक्त सूचना होती. त्यात रक्कम नव्हती, कारण ती तेव्हा ठाऊकच नव्हती. दोनच गोष्टी मागितल्या: न आलेल्या तीन नगांचा नंबरानुसार शोध घ्या, आणि दबलेले नग उघडताना तुमचा माणूस पाठवा, ठरलेल्या वेळेला कुणी आलं नाही तर आम्ही आमच्या क्वालिटीच्या माणसासमोर उघडू. आपण एकट्यानं उघडलं की 'आतला माल तुमच्याकडेच फुटला' हे उत्तर तयार असतं. त्यांचा माणूस आला. बहुधा बोलावल्याचं लेखी होतं म्हणूनच आला.

गेजमध्ये नुकसान दोन प्रकारचं असतं. काच फुटलेली, केस चेपलेली, हे डोळ्यांना दिसतं. दुसरं दिसत नाही. आपटलेल्या गेजमध्ये आतली वाकडी नळी किंवा तिला जोडलेली दातेरी यंत्रणा जराशी हलते आणि काटा शून्यावर येऊन थांबत नाही. बाहेरून गेज नवाकोरा दिसतो आणि लाईनवर लावला की चुकीचा दाब दाखवतो. म्हणून पाच कार्टनमधले १२० गेज एकेक करून पाहिले. आधी शून्य, मग टेस्टरवर दाब चढवत आणि उतरवत वाचन. ३८ फुटलेले निघाले. १९ दिसायला ठीक, पण चूक मर्यादेबाहेर. ६३ बिनचूक. ताडून पाहायला न दबलेल्या कार्टनमधलेही २४ गेज तपासले, ते सगळे उत्तीर्ण झाले. संयुक्त तपासणीच्या अहवालावर त्यांच्या माणसानं सही केली, मात्र सहीजवळ 'फक्त फुटलेल्या ३८ नगांपुरती' असं लिहून. मीही हरकत घेतली नाही. त्याच्या समोर जे घडलं तेवढ्याला त्यानं सही द्यावी, यात गैर काही नव्हतं.

दरम्यान ५२ नंबरचं कार्टन सापडलं. ट्रान्सशिपमेंटच्या गोडाऊनमध्ये दुसऱ्या मालाच्या मागे पडून राहिलं होतं. ते वेगळ्या पावतीनं आलं, सीलबंद आणि पूर्ण. ३३ आणि ३४ चा पत्ता लागत नाही, असं शाखेनं मेलवर कळवलं. तो मेल मी जपून ठेवला, कारण दोन नग हरवल्याची ती त्यांचीच कबुली होती. खरं म्हणजे एवढ्यासाठीच आधी नुसती सूचना द्यायची आणि क्लेम थोडं थांबून करायचा. तीन नगांचा क्लेम लगेच ठोकला असता तर एक सापडल्यावर तो मागे घेऊन सुधारावा लागला असता, आणि एकदा सुधारलेल्या आकड्याकडे समोरचा संशयानंच पाहतो.

मात्र हे थांबणं बेमुदत नसतं. कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट, २००७ च्या कलम १६ प्रमाणे, दावा लावण्याआधी ट्रान्सपोर्टरला नुकसानीची लेखी नोटीस गेलेली असावी लागते आणि ती बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत. मोजणी बुकिंगपासून, माल मिळाल्यापासून नव्हे. माल उशिरा आला, शोध लांबला, तर ते दिवस आपल्याच खात्यातून जातात. 'बघतो, शोधतो, पुढच्या आठवड्यात सांगतो' या उत्तरांमध्ये सहा महिने कसे सरतात ते अकाउंट्सवाल्यांना विचारा.

आता रक्कम. गेजचा दर ४५० रुपये. हरवलेले दोन कार्टन म्हणजे ४८ गेज, २१,६०० रुपये. फुटलेले ३८, म्हणजे १७,१००. दोन्ही मिळून ३८,७००. यावर १८ टक्के जीएसटी ६,९६६ रुपये, आणि इथेच बहुतेक क्लेम कच्चे राहतात. कराचं क्रेडिट आपल्याला मिळतंच, असं धरून लोक जीएसटी सोडून देतात. पण जो माल मिळालाच नाही त्यावर क्रेडिट घेता येत नाही, आणि हरवलेल्या किंवा नष्ट झालेल्या मालावरचं क्रेडिट सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नं अडवलेलं आहे. म्हणजे तो कर आपला खर्च झाला, आणि तो नुकसानीचाच भाग आहे. हे आमच्या अकाउंट्स विभागाकडून लेखी घेतलं: एवढ्या मालावरचं क्रेडिट आम्ही घेतलेलं नाही.

दोष निघालेले १९ गेज टाकून द्यायची गरज नव्हती. पुरवठादार ते ८० रुपये नगाप्रमाणे दुरुस्त करून कॅलिब्रेट करून द्यायला तयार होता, म्हणून १,५२० रुपये. हरवलेल्या दोन नगांचं भाडं, कार्टनमागे १५० प्रमाणे, ३०० रुपये. आणि फुटलेल्या ३८ गेजमधलं पितळ भंगारात जाणार, त्याचे २० रुपये नगाप्रमाणे ७६० वजा. एकूण ४६,७२६ रुपये.

भंगाराची वजावट आपणहून का दाखवायची, असं आमच्या खरेदी विभागातल्या एकानं विचारलं. माझं मत असं, की ती दाखवली की बाकीच्या आकड्यांकडे बघण्याची समोरच्याची नजर बदलते. शिवाय ती न दाखवता नंतर 'फुटका माल आमच्या ताब्यात द्या' असं ते म्हणाले तर आपल्याला द्यावाच लागतो.

आणखी एक कागद लागला. एलआरवर माल पाठवणारा म्हणून पुरवठादाराचं नाव होतं, आणि कायद्यात ट्रान्सपोर्टरची जबाबदारी माल पाठवणाऱ्याप्रती म्हटलेली आहे. 'तुम्ही कोण मागणारे?' हा प्रश्न येऊ नये म्हणून पुरवठादाराकडून एक पत्र घेतलं: माल कारखान्याबाहेर पडताच मालकी खरेदीदाराची, आम्ही या एलआरखाली कुठलीही भरपाई मागितलेली नाही व मागणार नाही, आणि खरेदीदारानं क्लेम करण्यास आमची संमती आहे.

पत्र मी एका पानात बसवलं. ट्रान्सपोर्टरच्या नोंदणीकृत पत्त्यावर, आणि प्रत दोन्ही शाखांना. पोचपावतीसह स्पीड पोस्टनं आणि मेलनंही. मुख्य मजकूर असा होता:

'विषय: वर नमूद एलआरखालील २ नग न मिळाल्याबद्दल व ५ नग खराब अवस्थेत मिळाल्याबद्दल रु. ४६,७२६ ची भरपाई मागणी. कलम १६, कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट, २००७ नुसार सूचना.

वरील एलआरने आपल्याकडे ६४ नग बुक झाले व आपण ते चांगल्या स्थितीत स्वीकारले. एलआरवर कोणताही विपरीत शेरा नाही. आमच्याकडे सुरुवातीस ६१ नग पोहोचले. ५२ क्रमांकाचा नग नंतर मिळाला. ३३ व ३४ हे नग आजतागायत मिळालेले नाहीत व ते सापडत नसल्याचे आपल्या शाखेने मेलद्वारे कळवले आहे.

१७, १८, २२, ४० व ४१ हे नग दबलेल्या अवस्थेत मिळाले. पीओडीवर तसा शेरा व आपल्या चालकाची सही आहे. गाडी उघडतानाच्या फोटोत या नगांवर अन्य मालाचे ड्रम ठेवलेले दिसतात. संयुक्त तपासणीत ३८ गेज फुटलेले आढळले. आमच्या चाचणीत आणखी १९ गेज सदोष आढळले.

कमी आलेला माल व खराब झालेला माल यांचा हिशेब सोबतच्या तक्त्यात स्वतंत्र दिला आहे. फुटलेला माल आमच्याकडे वेगळा ठेवला असून हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत आपण तो पाहू शकता. त्यानंतर त्याची विल्हेवाट लावली जाईल. रक्कम ३० दिवसांत अदा करावी.'

'विपरीत शेरा नाही' हे वाक्य मुद्दाम घातलं. बुकिंगच्या वेळी खोकी ओली किंवा फाटकी असती तर त्यांच्या क्लार्कनं ते एलआरवर लिहिलं असतं. न लिहिता पावती दिली, म्हणजे माल चांगला होता हे त्यांनीच मान्य केलं. कमी आणि खराब यांचे हिशेब वेगळे ठेवण्याचंही कारण आहे: त्यांवर येणारे आक्षेप वेगळे असतात. कमी मालावर म्हणतात, 'पाठवणाऱ्यानंच कमी भरला असेल, आम्ही मोजला नाही.' खराब मालावर म्हणतात, 'पॅकिंग कच्चं होतं.' दोन्ही एकाच रकमेत कालवले की एका आक्षेपावर सगळीच रक्कम अडून बसते.

पत्रात राग, दोषारोप, 'आपल्या बेजबाबदारपणामुळे' वगैरे काही नव्हतं. निष्काळजीपणा सिद्ध करणं हे आमचं कामच नव्हतं. या कायद्यात मालाच्या नुकसानीसाठी दावा करणाऱ्यानं वाहतूकदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नाही. माल चांगला दिला आणि खराब मिळाला, एवढं आपण दाखवायचं. पुढचं स्पष्टीकरण त्यांचं.

अपेक्षेप्रमाणे उत्तर तिपेडी आलं. पहिला मुद्दा: एलआरवर 'ओनर्स रिस्क', म्हणजे जोखीम मालाच्या मालकाची, असं छापलेलं आहे. दुसरा: पॅकिंग अपुरं. तिसरा: मेहेरबानी म्हणून हरवलेल्या मालाचे निम्मे पैसे देऊ.

'ओनर्स रिस्क'ला उत्तर सोपं होतं. जुन्या १८६५ च्या कायद्याखालीही सर्वोच्च न्यायालयानं २००० साली म्हटलं होतं की ही अट घातल्यानं वाहतूकदार स्वतःच्या निष्काळजीपणाच्या जबाबदारीतून सुटत नाही. खरी मर्यादा त्या छापील ओळीत नाही, ती नियमांत आहे: बुकिंगच्या वेळी जादा जोखमीचा दर भरला नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापट रकमेपर्यंतच. आमचं भाडं ९,६००, म्हणजे कमाल ९६,०००. आमची मागणी त्याच्या निम्म्याच्या आत होती, म्हणून ही मर्यादा आम्हाला आडवी आली नाही. पण सगळी गाडी जळाली असती तर जीएसटी धरून आठ लाखांच्या वर किमतीच्या मालासाठी ९६,००० रुपयेच हातात आले असते. बाकीचं ट्रान्झिट इन्शुरन्सवर. या खेपेला पॉलिसीतली एक्सेसची, म्हणजे नुकसानातली आपणच सोसायची, रक्कम नुकसानापेक्षा मोठी होती, म्हणून विम्याकडे जाण्यात अर्थ नव्हता. मोठं नुकसान असतं तरी ट्रान्सपोर्टरला हेच पत्र वेळेत द्यावंच लागलं असतं. भरपाई दिल्यावर विमा कंपनी आपल्या जागी उभी राहून ट्रान्सपोर्टरकडून वसूल करते, आणि आपण तो हक्क बुडवला असेल तर आपल्याच क्लेमला कात्री लावते.

पॅकिंगच्या मुद्द्यावर मी दोनच गोष्टी लिहिल्या. याच गाडीत, याच पॅकिंगमधले ५६ नग सुखरूप आले. आणि खोक्यावर 'एकावर एक पाचच' ही खूण छापलेली असताना त्यांवर ड्रम ठेवलेला फोटो सोबत आहे. यानंतर पॅकिंगबद्दल कुणी बोललं नाही.

प्रत्यक्ष बोलणी झाली ती त्यांच्या क्लेम्सच्या साहेबांशी, फोनवर. माणूस अनुभवी होता. त्यानं अचूक जागा पकडली: "मॅडम, हे १९ गेज आमच्याकडे येताना बरोबर होते कशावरून?" पुरवठादाराचं टेस्ट सर्टिफिकेट बॅचचं होतं, प्रत्येक गेजच्या नंबरचं नव्हतं. न दबलेल्या खोक्यातले २४ उत्तीर्ण झाले हे मी सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "ते चोवीस झाले, हे एकोणीस नाहीत." दीड हजार रुपयांसाठी ४५,००० अडकवून ठेवण्यात मला शहाणपण वाटलं नाही, म्हणून १,५२० सोडले. जीएसटीवर तो बराच वेळ अडला होता, पण अकाउंट्सचं पत्र पाठवल्यावर मान्य केलं. ठरले ४५,२०६ रुपये.

'भाड्याच्या पुढच्या बिलांतून वळते करून घ्या,' असा त्यांचा प्रस्ताव होता. मी नाही म्हटलं. भाड्याचं बिल आणि भरपाई एकत्र झाली की दोन्ही खाती वर्षअखेरीस जुळत नाहीत, आणि बिलातून परस्पर कापलेल्या रकमेवर ट्रान्सपोर्टर पुढच्या खेपेला माल अडवून बसू शकतो. पैसे बँकेतून वेगळे आले.

पैसे सोडण्याआधी त्यांनी सहीसाठी एक पावती पाठवली: 'आमच्या सर्व मागण्या पूर्णपणे भागल्या.' आमचे याच ट्रान्सपोर्टरकडे आणखी दोन लहान क्लेम प्रलंबित होते. 'सर्व मागण्या' खोडून तिथे 'वरील एलआरखालील मागणी' असं लिहिलं, खोडलेल्या जागी सही केली आणि परत पाठवली. त्यांनी ती तशीच स्वीकारली. मग ३८ फुटके गेज भंगाराच्या नोटवर निघाले, १९ पुरवठादाराकडे रवाना झाले आणि ४८ गेजची नवी मागणी खरेदीकडे गेली. तिच्यावर या वेळी प्रत्येक गेजच्या नंबरनुसार टेस्ट सर्टिफिकेटची अट घातली आहे.